पसंतीक्रमाचा एकच अर्ज की प्रत्येक विद्यापीठाला वेगळा अर्ज: नव्या अर्जदारांसाठी मार्गदर्शन

परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र खाते उघडायचे, प्रत्येकाचे शुल्क भरायचे, आणि आलेल्या होकारांमधून शेवटी एक निवडायचा. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण देशासाठी एकच अर्ज असतो. त्यात हवे ते अभ्यासक्रम पसंतीच्या क्रमाने मांडायचे आणि त्यांपैकी कोणता मिळाला हे यंत्रणेकडून कळण्याची वाट पाहायची. वरवर पाहता हा केवळ सोयीचा फरक वाटतो, पण खरा फरक निर्णयाच्या वेळेचा आहे. स्वतंत्र अर्जांमध्ये होकार, शिष्यवृत्ती आणि खर्च हे सगळे कळल्यानंतर निवड करता येते. पसंतीक्रमाच्या अर्जात तीच निवड काहीही कळण्याआधी, अर्ज भरतानाच करावी लागते. ज्याला आपल्याला काय हवे हे आधीच ठाऊक आहे त्याचे यात काही बिघडत नाही. ज्याची पसंती पैशावर अवलंबून आहे त्याचे मात्र बरेच बिघडू शकते, आणि ते कसे टाळावे हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

सविस्तर उदाहरणासाठी मी स्वीडन निवडले आहे. तेथील मास्टर्स अभ्यासक्रमांचा जवळजवळ सगळा प्रवेश universityadmissions.se या एकाच ठिकाणाहून होतो, परदेशी अर्जदारांनाही तोच मार्ग असतो आणि त्याचे नियम समजले की इतर देशांचे नियम वाचणे सोपे जाते.

पहिली पायरी: यंत्रणा नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

‘केंद्रीय अर्ज’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि नवखे अर्जदार त्यांत सर्रास गल्लत करतात.

पहिल्या प्रकारात केवळ कागदपत्रे एकत्र तपासली जातात. जर्मनीतील ‘युनि-असिस्ट’ ही याचे ठळक उदाहरण आहे. ती अनेक विद्यापीठांच्या वतीने परदेशी गुणपत्रिका तपासते, पण प्रवेशाचा निर्णय प्रत्येक विद्यापीठ स्वतःच घेते. येथे पसंतीक्रम नसतो, त्यामुळे चार ठिकाणी अर्ज केला तर चारही होकार येऊ शकतात. व्यवहारात हे स्वतंत्र अर्जच आहेत, फक्त टपालपेटी एक आहे.

दुसऱ्या प्रकारात अर्ज एकच असतो, पण क्रम नंतर द्यायचा असतो. ब्रिटनच्या ‘यूकॅस’मध्ये पाच पर्याय निवडतात, त्यांना क्रमांक नसतात आणि तुम्ही आणखी कोठे अर्ज केला आहे हे निर्णय देताना विद्यापीठांना दिसत नाही. सगळी उत्तरे आल्यावर तुम्ही एक होकार पक्का आणि एक राखीव म्हणून ठेवता. म्हणजे क्रम आहे, पण तो निकालानंतरचा आहे.

तिसऱ्या प्रकारात क्रम आधी द्यायचा असतो आणि तो बंधनकारक असतो. स्वीडन याच प्रकारात मोडतो. फिनलंडमधील पदवी अभ्यासक्रमांच्या संयुक्त अर्जातही पर्याय क्रमाने लावावे लागतात आणि मुदत संपल्यावर तो क्रम बदलता येत नाही.

यंत्रणा कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी नियमांमध्ये एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे: ‘माझ्या वरच्या पर्यायाला प्रवेश मिळाला, तर खालच्या पर्यायांचे काय होते?’ ते रद्द होतात असे लिहिले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

दुसरी पायरी: संगणक तुमचा क्रम कसा वापरतो ते समजून घ्या

स्वीडनमध्ये मास्टर्सच्या एका फेरीत जास्तीत जास्त चार अभ्यासक्रम निवडता येतात. ते चारही एकाच विद्यापीठाचे असू शकतात किंवा चार वेगवेगळ्या विद्यापीठांचे असू शकतात. प्रत्येक अभ्यासक्रमाचे विद्यापीठ तुमची पात्रता तपासते आणि आपल्या निकषांनुसार तुम्हाला गुण देते. या गुणांकनात तुम्ही तो अभ्यासक्रम पहिल्या क्रमांकावर लावला की चौथ्या, याचा विचार होत नाही. त्यानंतर यंत्रणा वरून खाली येते. तुमचे गुण पुरेसे आहेत असा सर्वांत वरचा पर्याय ती तुम्हाला देते आणि त्याखालचे सगळे पर्याय काढून टाकते. वरच्या एखाद्या पर्यायात जागा मिळाली नाही, पण तुम्ही पात्र आहात, तर तेथे तुम्ही प्रतीक्षा यादीत राहता.

समजा, एका अर्जदाराला खरोखर हवे असलेले अभ्यासक्रम अ, ब, क आणि ड या क्रमाने आहेत. अ फार चुरशीचा आहे, ड त्या मानाने सोपा. गुणांकन झाल्यावर असे ठरते की अ मध्ये तो जागांच्या बाहेर आहे, तर ब, क आणि ड या तिन्हींमध्ये आत आहे. त्याने आपला खरा क्रम लिहिला असेल, तर त्याला ब मिळतो, अ च्या प्रतीक्षा यादीत तो राहतो आणि क व ड रद्द होतात. आता समजा, धास्तीपोटी त्याने ड पहिला लिहिला. त्याला ड मिळतो आणि ब, जो त्याला मिळालाच असता, कायमचा हातून जातो. तिसरी शक्यता म्हणजे अ मिळणार नाही असे गृहीत धरून त्याने तो गाळला आणि ब पहिला लिहिला. तरीही त्याला ब च मिळतो. म्हणजे अ वर लिहिल्याने त्याचे काहीही गेले नव्हते.

नवख्यांना पटायला सर्वांत अवघड जाते ती हीच गोष्ट. अवघड पर्याय वर लिहिला तर ‘पहिला क्रमांक वाया जातो’ अशी भीती वाटते, पण या पद्धतीत पहिला क्रमांक खर्च होत नसतो. या विचाराचा पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ साली महाविद्यालयीन प्रवेशावर लिहिलेल्या एका छोट्या शोधनिबंधात घातला. पुढे अ‍ॅल्विन रॉथ यांनी अशा यंत्रणा प्रत्यक्षात उभ्या करण्याचे काम केले आणि २०१२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल शॅपली व रॉथ यांना मिळाले.

मात्र वरील भीती सर्वस्वी निराधारही नाही, कारण अशाही यंत्रणा होत्या ज्यांत ती खरी ठरत असे. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या शाळाप्रवेशात २००५ पर्यंत पहिल्या पसंतीवाल्यांना आधी जागा दिल्या जात आणि उरलेल्या जागाच दुसऱ्या पसंतीवाल्यांकडे जात. तेथे चुरशीची शाळा प्रथम लिहून ती न मिळाल्यास दुसरी शाळाही भरून गेलेली असे, म्हणून जाणते पालक खरा क्रम लपवत आणि प्रामाणिकपणे लिहिणारे मागे पडत. म्हणून कोणत्याही नव्या देशाच्या यंत्रणेत शिरण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारावा: ‘क्रमांकामुळे माझे गुण किंवा माझी पाळी बदलते का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर खरा क्रम लिहिणे हेच शहाणपणाचे. उत्तर ‘हो’ असेल, तर वेगळा विचार करावा लागतो.

तिसरी पायरी: आधी चार पर्याय निवडा, मग त्यांचा क्रम लावा

खरा क्रम लिहावा हा नियम यादीत आलेल्या पर्यायांना लागू आहे. पण यादी चारच ओळींची असल्यामुळे कोणते चार घ्यायचे हा प्रश्न उरतो आणि तेथे विचारपूर्वक डाव मांडावा लागतो.

समजा, एखाद्याने चार अतिशय चुरशीचे अभ्यासक्रम निवडले आणि प्रत्येकात मिळण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे २० टक्के आहे. चारही हुकण्याची शक्यता ०.८ चा चार वेळा गुणाकार केल्यावर सुमारे ४१ टक्के येते. आता चौथ्या जागी शक्यता ८० टक्के असलेला, पण मनापासून स्वीकारता येईल असा अभ्यासक्रम ठेवला, तर रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांवर येते. पहिल्या तीन पर्यायांच्या शक्यतेला यामुळे अजिबात धक्का लागत नाही, कारण सुरक्षित पर्याय तळाशी आहे.

या हिशेबात एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. वरचा गुणाकार चार निकाल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून केला आहे. प्रत्यक्षात तीच गुणपत्रिका चारही ठिकाणी जाते आणि एका ठिकाणी कमी पडलेले गणिताचे श्रेयांक दुसऱ्या ठिकाणीही कमीच पडतात. म्हणून चुरशीचे चार पर्याय एकाच निकषावर उभे असतील, तर सगळे एकदम हुकण्याचा धोका ४१ टक्क्यांपेक्षाही अधिक असतो. एखादा अभ्यासक्रम पदवीच्या गुणांवर भर देतो, दुसरा मोटिव्हेशन लेटर किंवा कामाच्या नमुन्यांवर देतो. असे मिश्रण केल्याने धोका खरोखर वाटला जातो. निवडीचे निकष प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर दिलेले असतात आणि ते चार वेळा वाचण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

सुरक्षित पर्याय यादीत असलाच पाहिजे असेही नाही. तुम्ही इतर देशांत स्वतंत्र अर्ज करत असाल आणि तेथे एखादा स्वीकारार्ह होकार जवळपास निश्चित असेल, तर स्वीडनच्या यादीतील चौथी ओळ त्यासाठी अडवण्याची गरज नाही. उलट, सगळा भरवसा स्वीडनवरच असेल, तर ती ओळ सुरक्षित पर्यायालाच द्यावी.

चौथी पायरी: पैशाचा प्रश्न क्रम लावण्यापूर्वी सोडवा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. स्वीडनमध्ये २०११ पासून युरोपीय संघ आणि त्याच्याशी संलग्न युरोपीय देशांबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क भरावे लागते. त्यामुळे अनेकांसाठी ‘अ आवडतो’ याचा खरा अर्थ ‘शिष्यवृत्ती मिळाली तर अ आवडतो’ असा असतो. पसंतीक्रमाच्या यादीत मात्र हे ‘मिळाली तर’ लिहिण्याची सोय नाही.

पुन्हा तोच अर्जदार घेऊ. अ आणि ब या दोन्हींचे पूर्ण शुल्क त्याच्या आवाक्याबाहेर आहे. ड चे शुल्क कमी आहे आणि ते त्याच्या कुटुंबाला कसेबसे झेपते. त्याने आवडीनुसार अ, ब, क, ड असा क्रम लिहिला आणि यंदा त्याला अ मिळाला. त्याला आनंद होतो, पण त्या क्षणी ब, क आणि ड रद्द झालेले असतात. पुढे शिष्यवृत्ती नाकारल्याचे पत्र येते. अ चे शुल्क भरणे शक्य नाही आणि परवडणारा ड आता यादीतच नाही. सर्वांत वरची पसंती मिळूनही त्याचे वर्ष वाया जाते. स्वतंत्र अर्ज केले असते, तर अ आणि ड या दोघांचेही होकार त्याच्या हातात राहिले असते आणि शिष्यवृत्तीचे उत्तर आल्यावर त्याने ड स्वीकारला असता.

या पेचात आणखी एक गाठ आहे. काही विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांना पहिल्या पसंतीची अट असते. स्टॉकहोमचे केटीएच आणि गोथेनबर्गचे चाल्मर्स यांच्या शिष्यवृत्त्यांच्या नियमांत त्यांचाच अभ्यासक्रम पहिल्या क्रमांकावर लावलेला असावा, अशी अट ठेवलेली आहे. म्हणजे प्रवेशाच्या गुणांकनात क्रमांकाला महत्त्व नसले, तरी शिष्यवृत्तीच्या दारात तो आडवा येतो. पहिली ओळ एकच असल्यामुळे अशा अटीच्या दोन शिष्यवृत्त्यांसाठी एकाच फेरीत अर्ज करता येत नाही. खरा क्रम लिहा हा सल्ला येथे तुटतो आणि हा नियमातील दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ज्याला शिष्यवृत्तीची गरज नाही त्याच्यावर ही बेडी येतच नाही.

यातून मार्ग काढण्यासाठी क्रम लावण्यापूर्वी प्रत्येक पर्यायासमोर तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: संपूर्ण शिक्षणशुल्क, ते शिष्यवृत्तीशिवाय भरता येईल की नाही, आणि त्या शिष्यवृत्तीला पहिल्या क्रमांकाची अट आहे का. मग स्वतःला विचारावे, ‘शिष्यवृत्ती नाकारली गेली तरी मी या पर्यायाचा पहिला हप्ता भरेन का?’ ज्या पर्यायासाठी उत्तर ‘नाही’ आहे, तो परवडणाऱ्या पर्यायाच्या वर ठेवणे म्हणजे तो परवडणारा पर्याय पणाला लावणे होय. ती जोखीम घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण समजून-उमजून घ्यावी. घ्यायची नसेल, तर परवडणारा पर्याय वर आणावा. मग पहिल्या क्रमांकाची अट असलेली शिष्यवृत्ती सोडून द्यावी लागेल आणि हे नुकसान स्वीकारूनच पुढे जावे लागेल. तिसरा मार्ग म्हणजे परवडणारा पर्याय दुसऱ्या देशात, स्वतंत्र अर्जाने शोधायचा. तो स्वीडनच्या यादीबाहेर असल्यामुळे कोणत्याही क्रमाने रद्द होत नाही.

पाचवी पायरी: तारखा आणि कागदपत्रे

पुढच्या शरदात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांचे अर्ज साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यावर खुले होतात आणि जानेवारीच्या मध्यावर बंद होतात. त्यानंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत अर्ज शुल्क भरायचे आणि कागदपत्रे चढवायची असतात. शुल्क भरावे लागणाऱ्यांसाठी ते ९०० स्वीडिश क्रोनर असते आणि चारही पर्यायांसाठी मिळून ते एकदाच घेतले जाते. तुलनेसाठी, युनि-असिस्टमध्ये पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सत्रासाठीच्या पुढील प्रत्येक अर्जाचे ३० युरो असे दर राहिले आहेत, म्हणजे चार अर्जांचे १६५ युरो होतात. अमेरिकी विद्यापीठे तर प्रत्येकी वेगळे शुल्क घेतात आणि चाचणीचे गुण अधिकृतपणे पाठवण्याचा खर्च त्याहून निराळा.

क्रम अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत कितीही वेळा बदलता येतो, नंतर नाही. म्हणून शिष्यवृत्तीचे नियम जानेवारीच्या आधीच वाचून झाले पाहिजेत. अनेक जण ते फेब्रुवारीत, शिष्यवृत्तीचा अर्ज उघडल्यावर पहिल्यांदा वाचतात आणि तोवर पहिली ओळ गोठलेली असते. गुणपत्रिका, पदवीचे प्रमाणपत्र, इंग्रजीचा पुरावा आणि पारपत्राची प्रत एकदाच चढवायची असते. मोटिव्हेशन लेटर मात्र अभ्यासक्रमागणिक वेगळे लिहावे आणि प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ते कोणत्या अभ्यासक्रमासाठी आहे हे स्पष्ट लिहावे.

यात फायदा कोणाचा?

पसंतीक्रमाची यंत्रणा सर्वांत जास्त उपयोगी पडते ती ज्याच्याकडे अर्जांवर खर्च करायला पैसे कमी आहेत, पण शिक्षणाचा खर्च ठरलेला आहे आणि पसंती स्पष्ट आहे, अशा अर्जदाराला. त्याला एका शुल्कात चार दारे ठोठावता येतात. शिवाय लवकर उत्तर मागणाऱ्या विद्यापीठाच्या दडपणाखाली कमी आवडीचा होकार स्वीकारण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. स्वतंत्र अर्जांत असे वारंवार होते. दुसऱ्या पसंतीचे विद्यापीठ दोन आठवड्यांत हप्ता मागते आणि पहिल्या पसंतीचा निकाल महिनाभराने लागणार असतो.

मध्यम गुणांच्या अर्जदारालाही तिचा फायदा होतो, जरी तो सहज दिसत नाही. जेथे क्रम नसतो, तेथे हुशार अर्जदार पाच-सहा होकार अडवून बसतात आणि त्यांनी नकार कळवेपर्यंत मागचे ताटकळत राहतात. फ्रान्सने २०१८ मध्ये क्रमावर चालणारी जुनी यंत्रणा बदलून ‘पार्कूरस्यूप’ आणली आणि त्यात पसंतीचा क्रम मागितला नाही. परिणामी पहिल्या वर्षी प्रतीक्षा याद्या दिवसामागून दिवस सरकत राहिल्या आणि अनेकांना आपली जागा कळायला उन्हाळ्याचा बराच भाग उलटावा लागला. क्रम असता, तर ज्या जागा कोणी घेणारच नव्हते त्या यंत्रणेने पहिल्याच फटक्यात मोकळ्या केल्या असत्या. विद्यापीठांनाही हे हवेच असते, कारण किती जण खरोखर येतील याचा त्यांचा अंदाज कमी चुकतो.

स्वतंत्र अर्जांचा फायदा मुख्यतः दोन गटांना होतो. एक गट अनेक ठिकाणी होकार मिळवू शकणाऱ्या भक्कम अर्जदारांचा आहे. त्यांना आर्थिक साहाय्याची तुलना करता येते आणि एका विद्यापीठाचा प्रस्ताव दाखवून दुसऱ्याकडे अधिक साहाय्याची विनंती करता येते. अमेरिकेत तर पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेचा ठरावच आहे की त्यात सहभागी विद्यापीठांनी आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तराचा आग्रह धरू नये, म्हणजे तुलनेला अवकाश राहतो. दुसरा गट म्हणजे ज्यांची निवड शिष्यवृत्तीवरच ठरणार आहे ते. त्यांच्यासाठी निर्णय पुढे ढकलता येणे हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. दुर्दैव असे की या दुसऱ्या गटाकडेच पाच-सहा स्वतंत्र अर्जांची शुल्के भरायला पैसे नसतात. म्हणून अशा अर्जदारांना मी दोन्हींचे मिश्रण सुचवतो: स्वीडनसारख्या एका पसंतीक्रमाच्या देशाचा एक अर्ज आणि जेथे शुल्क कमी किंवा माफ आहे अशा दोन-तीन विद्यापीठांचे स्वतंत्र अर्ज.

शेवटची पायरी: निकालानंतर

स्वीडनचा निकाल साधारणपणे मार्चच्या अखेरीस लागतो. शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मिळालेली जागा केवळ निकालाने पक्की होत नाही. विद्यापीठ पहिल्या हप्त्याचे देयक पाठवते, तो हप्ता मुदतीत भरल्यावरच निवास परवान्याचा अर्ज पुढे सरकतो आणि न भरल्यास जागा जाते. म्हणजेच हा निकाल तुम्हाला दुसऱ्या देशातील होकार सोडायला लावत नाही. क्रमाची सक्ती स्वीडनच्या चार ओळींपुरतीच आहे. दुसऱ्या देशाचे उत्तर बाकी असेल, तर देयकावरील अंतिम तारीख आणि त्या उत्तराची अपेक्षित तारीख शेजारी-शेजारी लिहावी. दोन्हींत थोडेच अंतर असेल, तर विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला मुदतवाढीसाठी लिहावे. हे पत्र मुदत संपण्याच्या किमान आठवडाभर आधी पाठवावे आणि त्यात आपला अर्ज क्रमांक व नेमकी किती दिवसांची मुदत हवी ते लिहावे.

वरच्या पर्यायाच्या प्रतीक्षा यादीत नाव असेल आणि खालचा पर्याय मिळाला असेल, तर खालच्याचा हप्ता भरण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांना एकच प्रश्न लेखी विचारावा: नंतर वरची जागा मिळाली, तर भरलेल्या हप्त्याचे काय होईल? परताव्याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात आणि हे उत्तर पैसे भरण्याआधी हातात असले पाहिजे.